लाइट्स क्रायटेरिया ‘एक्झुडेट’ म्हणतात, तरी उत्तर हार्ट फेल्युअर कसं?

प्रश्न: सर, मी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रश्नसंचात एक केस आहे. ६४ वर्षांचे गृहस्थ, पूर्वी हार्ट अटॅक आलेला, इजेक्शन फ्रॅक्शन ३० टक्के, आडवं पडलं की दम लागतो, दोन्ही पायांना सूज. ताप नाही. सहा दिवस फ्युरोसेमाइडची इंजेक्शनं दिल्यावर पायाची सूज उतरली, पण उजव्या छातीत पाणी राहिलं म्हणून टॅप केला. पाण्यात प्रोटीन ३.७, सिरममध्ये ७.०. पाण्यात एलडीएच १२०, सिरममध्ये २१० (लॅबची वरची मर्यादा २५०). अल्ब्युमिन पाण्यात २.१, सिरममध्ये ३.८. ग्लुकोज १०४, पेशी ६००, त्यात ८५ टक्के लिम्फोसाइट, एडीए १४. मी ‘टीबी’ निवडलं, कारण लिम्फोसाइट असलेलं एक्झुडेट आहे. उत्तरात ‘हार्ट फेल्युअर’ दिलंय. हार्ट फेल्युअरचं पाणी ट्रान्सुडेट असतं ना? मग उत्तर चुकलंय का? आणि असा प्रश्न थिअरीत किंवा व्हायव्हात आला तर कसं मांडायचं?

उत्तर:

उत्तर बरोबर आहे, आणि लाइट्स क्रायटेरियाप्रमाणे हे एक्झुडेट ठरतं हे तुमचं म्हणणंही बरोबर आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हेच या प्रश्नात तपासलंय. प्रश्न काढणाऱ्यानं ‘सहा दिवस फ्युरोसेमाइड’ हे तीन शब्द सहज घातलेले नाहीत. सगळी केस त्यांच्यावर उभी आहे.

आधी आकडे मांडू. प्रोटीनचं गुणोत्तर ३.७ भागिले ७.०, म्हणजे ०.५३. मर्यादा ०.५ आहे, ती ओलांडली. एलडीएचचं गुणोत्तर १२० भागिले २१०, म्हणजे ०.५७. मर्यादा ०.६, ओलांडली नाही. तिसरा निकष असा की पाण्यातलं एलडीएच हे सिरम एलडीएचच्या लॅबमधल्या वरच्या मर्यादेच्या दोन तृतीयांशापेक्षा जास्त हवं. २५० चे दोन तृतीयांश म्हणजे साधारण १६७, आणि पाण्यात आहे १२०. हाही निकष लागला नाही. तिन्हींपैकी एक लागला, तोही काठावर. पण नियम ‘कोणताही एक लागला तर एक्झुडेट’ असा असल्यामुळे शिक्का एक्झुडेटचा बसला.

हा ‘कोणताही एक’ कुठून आला ते कळलं की पुढचं सोपं होतं. रिचर्ड लाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली १५० रुग्णांच्या पाण्याचा अभ्यास छापला. त्याआधी पाण्यातलं प्रोटीन ३ ग्रॅमच्या वर की खाली, एवढ्यावरच बरेच डॉक्टर भागवायचे आणि त्यात दोन्हीकडच्या चुका व्हायच्या. लाइट यांनी तीन मोजमापं ‘किंवा’नं जोडली. तीन चाचण्या ‘किंवा’नं जोडल्या की एक्झुडेट निसटण्याची शक्यता फार कमी होते, कारण एका चाळणीतून सुटलेलं दुसरीत अडकतं. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की ट्रान्सुडेटला निर्दोष सुटायला तिन्ही परीक्षा पास व्हाव्या लागतात. म्हणून या निकषांची सेन्सिटिव्हिटी खूप चांगली, साधारण ९८ टक्के, आणि स्पेसिफिसिटी तेवढी चांगली नाही. नंतरच्या अभ्यासांत खऱ्या ट्रान्सुडेटपैकी वीस ते पंचवीस टक्के चुकून एक्झुडेट ठरतात असं दिसलं, आणि त्यातले बरेच जण डाययुरेटिक चालू असलेले हार्ट फेल्युअरचे रुग्ण असतात.

ही रचना मुद्दाम अशी आहे. टीबी, कॅन्सर किंवा पू होऊ घातलेला न्यूमोनिया ट्रान्सुडेट म्हणून सोडून दिला तर रुग्णाचं मोठं नुकसान होतं. हार्ट फेल्युअरच्या एखाद्या रुग्णाला चुकून एक्झुडेट म्हटलं तर दोन-चार तपासण्या जास्त होतात, असा तो हिशोब. तिन्ही निकष निगेटिव्ह आले की ‘हे ट्रान्सुडेट आहे’ असं बऱ्याच विश्वासानं म्हणता येतं. एक निकष काठावर पॉझिटिव्ह आला तर मात्र तितक्या विश्वासानं ‘एक्झुडेट’ म्हणता येत नाही. तुम्ही दोन्ही निकालांना सारखंच वजन दिलंत, तिथे टीबीकडे वळलात.

आता फ्युरोसेमाइडनं नेमकं काय केलं ते बघा. डाव्या वेंट्रिकलचं काम कमी पडतं तेव्हा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो. पाणी आधी फुप्फुसाच्या इंटरस्टिशियममध्ये आणि तिथून व्हिसेरल प्लुरामधून प्लुरल पोकळीत झिरपतं. रक्तवाहिन्यांची भिंत शाबूत असते, त्यामुळे प्रोटीन थोडंच येतं. पोकळीतून परत जाताना मात्र प्रोटीनला जवळजवळ एकच वाट आहे, पॅरायटल प्लुरामधल्या लिम्फॅटिक्सची, आणि ती वाट मंद आहे. पाण्याला ती अट नाही. डाययुरेटिकनं रक्तवाहिन्यांतला दाब उतरला आणि रक्त थोडं घट्ट झालं की पाणी भराभर परत शोषलं जातं, पण प्रोटीन आणि एलडीएच मागे राहतात. आमटी आटली की जशी खारट लागते तसंच हे. मीठ कुणी वाढवलेलं नसतं, पाणी कमी झालेलं असतं.

तुमच्याच केसवर हे करून बघू. समजा भरती झाले त्या दिवशी त्यांच्या छातीत एक लिटर पाणी होतं आणि त्यात प्रोटीन २.८ ग्रॅम प्रति डेसिलिटर होतं, म्हणजे एकूण २८ ग्रॅम. सिरम ७.० धरलं तर गुणोत्तर ०.४०, उघड उघड ट्रान्सुडेट. एलडीएच ९० होतं आणि अल्ब्युमिन १.६. आता सहा दिवसांत पाव लिटर पाणी शोषलं गेलं आणि प्रोटीन जवळपास तेवढंच राहिलं असं धरा. २८ ग्रॅम प्रोटीन ७५० मिलिलिटरमध्ये, म्हणजे ३.७. एलडीएच ९० चं १२० झालं. अल्ब्युमिन १.६ चं २.१ झालं. प्रश्नातले आकडे जसेच्या तसे आले. प्रत्यक्षात थोडं प्रोटीनही शोषलं जातं आणि सिरमही जरा घट्ट होतं, त्यामुळे हिशोब इतका नेमका जमत नाही, पण दिशा हीच असते. प्लुराला काहीही झालेलं नाही. ना सूज, ना जंतू, ना गाठ. फक्त पाव लिटर पाणी कमी झालं आणि शिक्का बदलला.

अशा वेळी दुसरी चाचणी वापरायची. गुणोत्तर न काढता वजाबाकी करायची, सिरममधून पाण्यातलं वजा. अल्ब्युमिनचा फरक १.२ ग्रॅमपेक्षा जास्त आला तर पाणी मुळात ट्रान्सुडेट आहे असं धरायचं. तुमच्या केसमध्ये ३.८ वजा २.१, म्हणजे १.७. प्रोटीनचा फरक ३.१ पेक्षा जास्त असला तरी तोच अर्थ, आणि इथे ७.० वजा ३.७, म्हणजे ३.३. दोन्ही फरक ट्रान्सुडेटच्या बाजूचे आहेत. अशा पाण्याला ‘स्यूडोएक्झुडेट’ म्हणतात, आणि प्रश्नाचं उत्तर म्हणून हार्ट फेल्युअर.

इथे बहुतेक मुलं थांबतात आणि ‘ग्रेडियंट लाइट्स क्रायटेरियापेक्षा चांगला’ असं वहीत लिहून ठेवतात. हे वाक्य चुकीचं आहे. व्हायव्हात कुणी ‘मग पहिल्यापासून ग्रेडियंटच का वापरत नाही?’ असं विचारलं तर त्या वाक्याच्या आधारावर उत्तर देता येत नाही. म्हणून जरा खोलात जाऊ.

सिरम प्रोटीन ७.० असताना गुणोत्तराची ०.५ ची रेषा पाण्यातल्या ३.५ ग्रॅमवर पडते. ग्रेडियंटची ३.१ ची रेषा कुठे पडते? ७.० वजा ३.१, म्हणजे ३.९ वर. म्हणजे या रुग्णापुरता ग्रेडियंटनं रेषा ३.५ वरून ३.९ पर्यंत वर सरकवली. आटलेलं ट्रान्सुडेट बहुतेकदा याच ३.५ ते ३.९ च्या पट्ट्यात सापडतं, म्हणून ते वाचलं. पण त्याच पट्ट्यात काही खरी एक्झुडेटही असतात आणि रेषा सरसकट वर सरकवली तर ती ट्रान्सुडेट म्हणून सुटून जातील. ग्रेडियंट सगळ्यांना पहिल्यापासून लावला तर लाइट यांनी मेहनतीनं मिळवलेली सेन्सिटिव्हिटी आपण घालवून बसतो. म्हणून क्रम ठरलेला आहे. आधी लाइट्स क्रायटेरिया. त्यात एक्झुडेट आलं आणि रुग्णाचं चित्र मात्र हार्ट फेल्युअरचं असेल, तरच ग्रेडियंट.

हाच हिशोब दुसऱ्या टोकाला नेऊन बघा. सिरम प्रोटीन ६.२ असेल तर दोन्ही रेषा बरोबर ३.१ वर येतात. सिरम प्रोटीन त्याहून खाली गेलं की ग्रेडियंट उलटा वागू लागतो. नेफ्रॉटिक सिंड्रोमचा रुग्ण घ्या. सिरम प्रोटीन ४.२, अल्ब्युमिन १.६, पाण्यातलं प्रोटीन १.० आणि अल्ब्युमिन ०.५. गुणोत्तर ०.२४, एलडीएचही कमी, म्हणजे निःसंशय ट्रान्सुडेट. आता वजाबाकी करा. अल्ब्युमिनचा फरक १.१ आला, १.२ पेक्षा कमी, म्हणजे ग्रेडियंटच्या हिशोबानं हे एक्झुडेट! रक्तातच अल्ब्युमिन इतकं कमी असेल तर १.२ चा फरक पडायला जागाच उरत नाही. लिव्हर सिऱ्होसिसच्या हायड्रोथोरॅक्समध्येही याच कारणानं ग्रेडियंट हार्ट फेल्युअरइतका भरवशाचा नाही. तिथे पोटातलं पाणी, त्याची तपासणी आणि रुग्णाचं एकंदर चित्र जास्त उपयोगी पडतं. असा प्रश्न आला आणि पर्यायांत ‘अल्ब्युमिन ग्रेडियंट कमी असल्यामुळे एक्झुडेट’ असं दिसलं तर तो सापळा समजा.

जाता जाता एक. पोटातल्या पाण्यासाठी जो सिरम-असायटिस अल्ब्युमिन ग्रेडियंट आहे त्याचा आकडा १.१ आहे, आणि तिथे जास्त ग्रेडियंटचा अर्थ पोर्टल हायपरटेन्शन. छातीसाठी आकडा १.२. पेपरात हे दोन आकडे अदलाबदल केलेले मी दरवर्षी बघतो.

आता तुम्ही टीबी ज्या दुसऱ्या आधारावर निवडलंत तो, म्हणजे लिम्फोसाइट. ही चूक परीक्षेपुरती राहत नाही म्हणून तिला जास्त वेळ देतो. आपल्याकडे टीबी इतका आढळतो की ‘छातीत पाणी, एक्झुडेट, लिम्फोसाइट’ एवढं दिसलं की हात आपोआप एकेटीकडे जातो. तरुण रुग्ण, ताप, वजन घटलेलं, एकाच बाजूला पाणी असं असेल तर तो विचार योग्यच आहे. पण लिम्फोसाइट जास्त असणं ही टीबीची खूण नव्हे. पाण्यात तीव्र सूज नाही एवढंच त्यावरून कळतं. हार्ट फेल्युअरच्या पाण्यात न्यूट्रोफिल यायला कारण नसतं, त्यामुळे ज्या थोड्या पेशी असतात त्यांत लिम्फोसाइट आणि इतर मोनोन्यूक्लिअर पेशींचाच भरणा असू शकतो. कॅन्सरमध्ये लिम्फोसाइट असतात, बायपासनंतर बरेच दिवस राहिलेल्या पाण्यात असतात, कायलोथोरॅक्समध्ये असतात. टक्केवारी बघण्याआधी एकूण संख्या बघा. ६०० पेशींचे ८५ टक्के आणि ४००० पेशींचे ८५ टक्के यांत फरक आहे.

एडीए १४ आहे. टीबीसाठी साधारण ४० ची मर्यादा धरतात. लिम्फोसाइटचं पाणी आणि एडीए ४० च्या वर असेल तर आपल्यासारख्या टीबी भरपूर असलेल्या भागात टीबी खूप संभवतो. एडीए इतकं कमी असेल तर तो बराच दूर जातो. आकडा कधी एकटा वाचू नका. एम्पायेमामध्येही एडीए वाढतं, पण तिथे पेशी न्यूट्रोफिल असतात, ग्लुकोज आणि पीएच घसरलेले असतात. तुमच्या केसमध्ये ग्लुकोज १०४ आहे, म्हणजे पाण्यात ते खाऊन टाकणारं काही नाही.

फरक डोळ्यांत भरावा म्हणून त्याच गृहस्थांची केस थोडी बदलून घेऊ. हृदय तेच, इजेक्शन फ्रॅक्शन तेच ३० टक्के, फ्युरोसेमाइड तेच. पण तीन आठवडे संध्याकाळचा ताप, पाणी फक्त डाव्या बाजूला, पाण्यात प्रोटीन ५.२, एलडीएच ४८०, अल्ब्युमिन ३.१, पेशी २४००, लिम्फोसाइट ९० टक्के, एडीए ६८. सिरमचे आकडे आधीचेच. प्रोटीनचं गुणोत्तर ०.७४, एलडीएचचं २.३, आणि पाण्यातलं एलडीएच लॅबच्या वरच्या मर्यादेच्याही जवळपास दुप्पट. तिन्ही निकष लागले, आणि तेही बऱ्याच अंतरानं. अल्ब्युमिनचा फरक ०.७, प्रोटीनचा १.८. इथे फ्युरोसेमाइडवर ढकलायला काही उरत नाही. २.८ चं ५.२ व्हायचं तर जवळजवळ निम्मं पाणी प्रोटीनला हातही न लावता शोषलं जायला हवं, आणि तसं झालं तरी एलडीएच ९० चं १७० च्या आसपास जाईल, ४८० होणार नाही. प्लुरामध्येच सूज असल्याशिवाय एवढं एलडीएच येत नाही. हार्ट फेल्युअर आहे हे खरं, पण पाणी टीबीचं आहे. हृदयाचा आजार असलेल्या माणसाला टीबी होतोच.

या दोन केस शेजारी ठेवल्या की मी वॉर्डात मुलांना जे सांगतो ते दिसेल. ‘निकष लागला की नाही’ एवढं विचारून थांबू नका, ‘किती अंतरानं लागला’ तेही विचारा. प्रोटीनचं गुणोत्तर ०.५३ आणि ०.७४ या दोन्हींवर शिक्का एकच बसतो, पण आजाराची शक्यता एकसारखी नसते. डाययुरेटिकमुळे झालेल्या स्यूडोएक्झुडेटमध्ये बहुधा निकष काठावरच ओलांडलेले असतात आणि एलडीएच सिरमच्या वरच्या मर्यादेच्या खालीच असतं. एलडीएच खूप वर गेलं असेल तर ग्रेडियंट काहीही म्हणो, मी दुसरं कारण शोधतो.

अर्थात आकडे खरे असतील तरच हे सगळं. दोन ठिकाणी ते बिघडतात आणि दोन्ही एलडीएचशी जोडलेली आहेत. लाल पेशींमध्ये एलडीएच भरपूर असतं. टॅप करताना रक्त मिसळलं आणि त्या पेशी फुटल्या तर पाण्यातलं एलडीएच फुगतं आणि ट्रान्सुडेट एक्झुडेट दिसतं. अशा वेळी प्रोटीनचं गुणोत्तर ट्रान्सुडेटचं आणि एलडीएच एकटंच एक्झुडेटचं, अशी विसंगती दिसते. उलट, रक्ताचा नमुनाच बल्बमध्ये हिमोलाइझ झाला तर सिरमचं एलडीएच फुगतं, गुणोत्तर खाली येतं आणि एक्झुडेट ट्रान्सुडेट वाटू शकतं. ही दुसरी चूक जास्त धोक्याची, पण तिला तिसरा निकष पकडतो, कारण त्यात रुग्णाचं सिरम नसून लॅबची ठरलेली मर्यादा असते. तीन निकषांत एलडीएच दोनदा का, याचं एक उत्तर इथे मिळतं. मर्यादा प्रत्येक लॅबची वेगळी असते, म्हणून ‘२०० च्या वर’ असं पाठ करू नका. लाइट यांच्या मूळ निकषात २०० हा आकडा होता, पण तो त्यांच्या लॅबपुरता.

आणि सिरमचा नमुना टॅपच्याच वेळी घ्या, निदान त्याच दिवशी. वॉर्डात नेहमी होतं ते असं की पाणी सकाळी पाठवलं जातं आणि रक्त भरतीच्या दिवशीचं धरलं जातं. सहा दिवस डाययुरेटिक घेतलेल्या माणसाचं आजचं पाणी आणि सहा दिवसांपूर्वीचं सिरम यांचं गुणोत्तर काढण्यात अर्थ नाही. पाणी पाठवताना अल्ब्युमिन लिहायला विसरलात तर ग्रेडियंट काढायची वेळ आल्यावर नमुना शिल्लक नसतो. हार्ट फेल्युअरचा संशय असलेल्या प्रत्येक टॅपमध्ये मी फॉर्मवर प्रोटीन आणि एलडीएचच्या शेजारी अल्ब्युमिन लिहायला लावतो. खर्च किरकोळ आहे.

याहून मोठा प्रश्न असा की हा टॅप करायला हवा होता का? परीक्षेत ‘पुढची पायरी कोणती?’ या रूपात हे विचारतात. हार्ट फेल्युअर स्पष्ट आहे, पाणी दोन्ही बाजूंना साधारण सारखं आहे, ताप नाही, श्वास घेताना छातीत टोचत नाही, तर आधी डाययुरेटिक द्यायचं आणि वाट बघायची. पाणी एकाच बाजूला आहे किंवा दोन्हीकडे फार असमान आहे, ताप आहे, छातीत दुखतंय, किंवा हृदयाचा आकार नॉर्मल दिसतोय, तर उपचार लांबू न देता टॅप. आणि डाययुरेटिक देऊन तीनेक दिवसांत पाणी हटलं नाही, तरी टॅप. तुमच्या प्रश्नातला रुग्ण या शेवटच्या गटात बसतो, फक्त सहा दिवस थांबल्यामुळे पाणी आटलं. उजव्या बाजूला पाणी राहिलं यात नवल नाही. हार्ट फेल्युअरचं पाणी बहुतेकदा दोन्हीकडे असतं, आणि एकाच बाजूला असेल तर जास्त करून उजवीकडे. नुसतं डावीकडे असेल तर मी जास्त सावध होतो.

ज्या ठिकाणी सोय आहे तिथे एनटी-प्रोबीएनपी हा आणखी एक आधार आहे. पाण्यात किंवा रक्तात ते १५०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असेल तर पाणी हृदयामुळे असण्याला चांगला दुजोरा मिळतो. दोन्हीकडचे आकडे इतके जवळ असतात की रक्ताची तपासणी झाली असेल तर पाण्याची वेगळी करायची गरज नसते. प्रोटीनसारखं हे आटण्यावर फारसं अवलंबून नाही, म्हणून नेमकं अशाच केसमध्ये ते कामाला येतं. पण वयस्कर रुग्ण आणि किडनी बिघडलेले रुग्ण यांच्यात ते इतर कारणांनीही वाढलेलं असतं, हे लक्षात ठेवा. आणि हृदय कमजोर आहे एवढंच ते सांगतं. वरच्या बदललेल्या केसमधल्या टीबीच्या रुग्णातही ते वाढलेलंच सापडेल.

आता लिहायचं कसं. थिअरीत किंवा केसच्या चर्चेत सुरुवात थेट ‘ट्रान्सुडेट’ किंवा ‘एक्झुडेट’ या शब्दानं करू नका. आधी गुणोत्तरं काढून दाखवा, मग लिहा: ‘लाइट्स क्रायटेरियाप्रमाणे एक निकष पूर्ण होतो म्हणून एक्झुडेट, पण तो काठावर आहे, एलडीएचचे दोन्ही निकष लागत नाहीत, रुग्ण डाययुरेटिकवर आहे, अल्ब्युमिनचा फरक १.७ आहे. म्हणून हे हार्ट फेल्युअरचं, डाययुरेटिकमुळे आटलेलं ट्रान्सुडेट.’ एवढ्या ओळींत परीक्षकाला जे बघायचं असतं ते सगळं येतं. ‘लाइट्स क्रायटेरिया चुकले’ असं लिहू नका. निकषांनी त्यांना नेमून दिलेलं कामच केलं, एक्झुडेटची शंका घेतली. ती शंका दूर करणं हे पुढच्या पायरीचं काम.

व्हायव्हात यानंतर हमखास येणारा प्रश्न म्हणजे ‘मग या रुग्णाला एकेटी सुरू करायची का?’ नाही, आणि कारणं क्रमानं सांगा: ताप आणि वजन घटण्याचा इतिहास नाही, एडीए कमी, ग्रेडियंट जास्त, हृदयाचा आजार ठळक. मग काय कराल, असं विचारलं तर हार्ट फेल्युअरचे उपचार चालू ठेवून एक-दोन आठवड्यांनी एक्स-रे किंवा सोनोग्राफी, आणि पाणी तेवढंच राहिलं किंवा वाढलं तर पुन्हा टॅप, या वेळी सायटॉलॉजीसह. पल्मनरी एम्बोलिझमचं नाव तुम्ही आपणहून घेतलंत तर उत्तम. हार्ट फेल्युअरचा, अंथरुणाला खिळलेला रुग्ण, आणि उपचारांना न जुमानणारं पाणी, यात तो विचार हवाच, आणि त्याचं पाणी बहुतेकदा एक्झुडेटच असतं.

एमसीक्यूमध्ये अल्ब्युमिनचे आकडे दिलेलेच नसतील तर घाबरू नका. बरेच प्रश्न मुद्दाम फक्त प्रोटीन देतात. तेव्हा ७.० मधून ३.७ वजा करा, ३.१ शी ताडून बघा, आणि केसच्या पहिल्या दोन ओळींत डाययुरेटिकचा उल्लेख आहे का ते पुन्हा वाचा. तो उल्लेख नसेल, हृदयाचा इतिहासही नसेल, आणि तरी प्रोटीनचा फरक ३.१ च्या वर असेल, तर ग्रेडियंट बाजूला ठेवा आणि लाइट्स क्रायटेरियाचंच ऐका.